ओळखीची खूण

(सांगलीतील एका वाचनालयात फोटोग्राफर आणि वाचक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान, बोलण्यातली पुनरुक्ती काढून संपादित)

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचा स्टुडिओ वडिलांच्या काळापासून आहे. मला तुमच्याशी एका लग्नाच्या अल्बमबद्दल बोलायचंय. त्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती नेमकी कशी झाली, हे या धंद्यातल्या माणसांनीच सांगायला हवं.

आधी थोडं मागे जातो. वडील निगेटिव्हवर टचिंग करायचे. तिरपी काच, तिच्यामागून येणारा उजेड, काचेवर निगेटिव्ह आणि हातात टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे पारदर्शक दिसतो. त्या पारदर्शक जागेवर शिसं हलकं फिरवलं की प्रिंटमध्ये डाग फिका होतो. एका चेहऱ्याला कधी अर्धा तास लागायचा. वेळ जायचा म्हणून वडील आधी विचारायचे, "तीळ ठेवू का?" त्या प्रश्नामागे मोठं तत्त्व वगैरे नव्हतं, फुकटची मेहनत नको एवढंच. आज माझ्या हातात हीलिंग ब्रश आहे आणि तोच तीळ एका क्लिकमध्ये जातो. मेहनत गेली तसा तो प्रश्नही गेला, आणि माझी चूक तिथूनच सुरू झाली.

काही वर्षांपूर्वी मिरज रस्त्यावरच्या एका कार्यालयात लग्न होतं. नवरीची थोरली बहीण शाळेत शिक्षिका. तिच्या उजव्या डोळ्याभोवती आणि दोन्ही हातांवर कोड होतं. चौदा जणांचा कौटुंबिक फोटो काढला, त्यात ती मधोमध, नवरीच्या खांद्यावर हात ठेवून उभी. अल्बमसाठी निवडलेला हा सगळ्यात मोठा फोटो, बारा बाय छत्तीसच्या पूर्ण पानावर जाणारा. रात्री एडिटिंगला बसलो आणि मनात आलं, एवढ्या मोठ्या पानावर बिचारीचे डाग फार दिसतील. चाळीसेक मिनिटं लावून मी ते काढले. कोणी सांगितलं नव्हतं. मला ते चांगुलपणाचं काम वाटलं होतं. तुम्हीही कोणाचा फोटो असा "जरा नीट" करत असाल तेव्हा तुमच्याही मनात वाईट काही नसतं, हे मी धरूनच चालतो.

मी केलं काय, ते तपशिलात बघा. हीलिंग ब्रश शेजारच्या कातडीचा पोत उचलतो आणि जिथे फिरवाल तिथल्या रंगात मिसळतो. मुरमाला ते ठीक, कारण मुरूम तीन मिलिमीटरचा आणि त्याच्या चारही बाजूंना त्याच माणसाची तशीच कातडी. डोळ्याभोवतीचा पांढरा पट्टा मोठा होता, तिथे ब्रश काठावर डागाळतो. म्हणून मी तिच्या डाव्या गालाचा तुकडा घेतला, उलटा फिरवून उजव्या डोळ्याखाली बसवला आणि रंग जुळवला. म्हणजे त्या जागी तिचा चेहरा उरला नव्हता, माझा अंदाज होता. काम इतकं साफ झालं होतं की शोधूनही सापडलं नसतं. त्याचं मला त्या रात्री समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी निवडक फोटो नवरीच्या भावाला व्हॉट्सॲपवर पाठवले. त्याने ते घरच्या ग्रुपवर टाकले. चार दिवसांनी ताई स्टुडिओत आल्या. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी फोन पुढे धरला आणि म्हणाल्या, "दादा, ही कोण आहे?"

मी सावरून काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "बारा वर्षं मी लांब बाह्यांचं पोलकं घातलं. या लग्नात पहिल्यांदा अर्ध्या बाह्यांचं शिवलं. तुम्ही माझे हात मला परत झाकायला लावलेत."

मग त्यांनी ग्रुपवरच्या प्रतिक्रिया दाखवल्या. मला वाटलं होतं, कोणी टर उडवली असेल. तसं काही नव्हतं. सगळं कौतुक होतं. "किती छान दिसतेस." "बरं झालं बाई." आणि एका मावशींनी थेट फोन करून विचारलं होतं, "कुठलं औषध लागू पडलं? आमच्या सुनेच्या माहेरी पण एकाला आहे." ताईंना नऊ जणांना समजावून सांगावं लागलं, की काही बरं झालेलं नाही, फोटोवाल्याने पुसलंय. मी डाग पुसला आणि त्याची चर्चा नऊ घरांत सुरू केली.

दुरुस्ती कशी झाली तेही सांगतो. कॅमेऱ्याची मूळ रॉ फाइल हार्ड डिस्कवर होती, म्हणून पान नव्याने करता आलं. छापलेलं पान बदललं, खर्च माझा. ती फाइल पुसली गेली असती तर काही करता आलं नसतं. जेपीईजी एकदा सपाट करून सेव्ह केली की खालचा चेहरा तिच्यात नसतो, कितीही हुशार माणूस बसवा. आणि फोनमध्ये पोचलेले फोटो परत आले नाहीत. भावाने ग्रुपवरून तो डिलीट केला, पण तोवर ज्यांनी पुढे पाठवला होता, त्यांच्याकडून गेलेल्या प्रती तशाच राहिल्या. ताईंच्या चुलत्यांकडे अजून तोच आहे म्हणे.

त्यानंतर आम्ही स्टुडिओत एक रेघ आखली. पंधरा दिवसांनी जे चेहऱ्यावर असणार नाही, ते काढायला हरकत नाही: मुरूम, दाढी करताना लागलेलं, नाकावर आलेलं उन्हाचं लालपण, गालाला लागलेला हळदीचा ठिपका. जे पंधरा दिवसांनीही असणार, ते माणसाचं आहे: तीळ, वण, कोड, दातातली फट, रंग, कमरेचा घेर. त्याला न विचारता हात नाही. ही रेघ मी शोधलेली नाही, टचिंग करणाऱ्यांमध्ये ती बोलली जाते. पण आमच्याकडे तिला एक वेगळा अर्थ आहे. आपण सरकारी अर्जावर 'ओळखीची खूण' म्हणून रकाना भरतो ना? "डाव्या गालावर तीळ." पासपोर्टच्या अर्जात दिसणारी खूण विचारतात आणि फोटो सॉफ्टवेअरने बदललेला नको म्हणून सांगतात. ज्या तिळावरून सरकार माणूस ओळखतं, तो आपण अल्बममधून काढायचा?

उजेडाचं काय, असं मघाशी एकाने विचारलं. उजेड आणि रंगाचा तोल वेगळा. मांडवातला पिवळा दिवा सगळ्यांना पिवळं करतो, ते सुधारणं म्हणजे दिव्याची चूक सुधारणं, आणि ती सगळ्या चौदा जणांवर एकसारखी होते. पण फोन ॲपमधला 'फेअर' स्लायडर एकाच चेहऱ्यावर ओढला, की तो चेहरा मान आणि कानापासून सुटतो. ओळखायचं असेल तर कानाची पाळी बघा, मग गाल बघा. मेंदीचा हात गालाला टेकलेला असेल तर हात एका माणसाचा आणि गाल दुसऱ्याचा वाटतो. कंबर बारीक केली की मागच्या दरवाजाची चौकट किंवा साडीचा काठ कमरेजवळ आत वाकतो. आणि कातडी गुळगुळीत केली की कपाळावरचे बारीक केस आणि नथीचे मोती विरघळल्यासारखे दिसतात. मुलींच्या फोनमध्ये तर काही कॅमेरे हे फोटो काढतानाच करतात, सेटिंगमध्ये बंद करेपर्यंत.

आता विचारायचं कसं, हे खरं अवघड. मी सुरुवातीला ताईंसारख्या दुसऱ्या एका बाईंना विचारलं, "कोड ठेवू का काढू?" प्रामाणिकपणे विचारलं होतं, पण बाईंचा चेहरा पडला. दुसऱ्याच्या डागावर बोट ठेवून विचारणं म्हणजे मला तोच दिसला, असं सांगणं झालं. म्हणून आता सगळ्यांना एकच वाक्य, तीळ असो नसो: "मी फक्त उजेड आणि रंग नीट करतो. आणखी काही हवं असेल तर मला एकट्याला सांगा." ज्यांना काही हवं असतं ते येऊन सांगतात. एका मुलाने ओठावरचा टाक्याचा वण काढायला सांगितला, मी काढला, का म्हणून विचारलं नाही. त्याचा चेहरा, त्याचा निर्णय.

पैसे देणारा वेगळा आणि फोटोतला माणूस वेगळा, हे मात्र विसरू नका. "मुलगी जरा उजळ करा हो," हे वाक्य मला आईकडून ऐकायला मिळतं, मुलीकडून क्वचित. मग मी दोन्ही प्रिंट, मूळ आणि बदललेला, चार बाय सहाच्या आकारात काढून मुलीपुढे ठेवतो. स्क्रीनवर दोनशे टक्के मोठा करून दाखवत नाही, कारण तेवढ्या झूमवर स्वतःचा चेहरा कोणालाच आवडत नाही. आजवर बहुतेक मुलींनी मूळ प्रिंटवरच बोट ठेवलंय.

तुम्ही घरी कराल तेव्हा दोन गोष्टी पाळल्या तरी माझ्यासारखी वेळ येणार नाही. एडिट करताना मूळ फोटोवर सेव्ह न करता वेगळी प्रत ठेवा. आणि ग्रुपवर टाकायच्या आधी फोटोतल्या माणसाला तो एकट्याला पाठवा, सोबत काय केलंय ते लिहा: "उजेड वाढवलाय, बाकी हात लावला नाही." उत्तर येईपर्यंत थांबा. चौघांच्या फोटोत स्वतःला तेवढं सुंदर करून बाकी तिघांना तसंच सोडून टाकू नका, त्या तिघांना ते लगेच कळतं.

जी माणसं गेली, त्यांना कोण विचारणार? ऑगस्ट 2019 च्या पुरानंतर आमच्याकडे भिजलेले फोटो यायचे, काचेला चिकटलेले. जिलेटिनचा थर फुगून काचेला धरतो, ओढला तर चेहरा काचेवर राहतो. म्हणून काचेसकट स्कॅन करायचं. एक गृहस्थ वडिलांचा एकुलता फोटो घेऊन आले. उजवा गाल वाहून गेला होता. डाव्या गालावर देवीचे वण होते. मी सांगितलं, डावा गाल उलटा करून उजव्या बाजूला बसवता येईल, कोणाला कळणार नाही. ते बराच वेळ फोटोकडे बघत बसले. मग म्हणाले, "उजव्या गालावर वण कमी होते. किती होते, ते आता मला आठवत नाही. नका भरू."

तो गाल मी फिकट करड्या रंगाचा सोडला. फोटो त्यांच्या माजघरात लावलाय, आणि पाहुण्यांना ते सांगतात की तिथपर्यंत पाणी आलं होतं.