वीसपैकी चार

ही उत्तरपत्रिका यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातल्या, सहावीत शिकणाऱ्या मुलाची आहे. विषय गणित, घटक दशांश अपूर्णांक, गुण वीसपैकी चार. मुलाचे नाव सांगण्याचे कारण नाही. वेचणीच्या दिवसांत शाळा सुटली की तो आईकडे शेतात जातो आणि कापसाचे गाठोडे काट्यावर चढले की तिचा हिशेब तोच ठेवतो, एवढे मात्र सांगायला हवे.

चाचणीत दहा प्रश्न होते. त्यांतले दोन लहानमोठेपणाचे, सहा बेरीज-वजाबाकीचे आणि दोन शाब्दिक उदाहरणांचे होते. मॅडमनी पेपर तपासला, तळाशी लाल शाईने ‘सराव आवश्यक’ असा शेरा लिहिला आणि गठ्ठा बाजूला ठेवला. पालकांना दाखवण्यासाठी पेपर पुन्हा चाळताना मात्र त्यांची नजर एका ओळीवर थांबली. ४.५ + २.२५ याचे उत्तर त्याने ६.३० लिहिले होते. त्याखाली ६.५ − २.२५ याचे उत्तर ४.२० होते. धांदलीत झालेल्या चुका अशा नसतात. चार आणि दोन सहा, पाच आणि पंचवीस तीस. बिंदूच्या डावीकडचे वेगळे, उजवीकडचे वेगळे, असा त्याचा नियम होता आणि सहाही उदाहरणांत तो त्याने निष्ठेने पाळला होता. वजाबाकीत पाचातून पंचवीस जात नाहीत, म्हणून पंचविसातून पाच वजा केले, एवढीच काय ती तडजोड.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मॅडमनी त्याला जवळ बसवून विचारले, “काहून रे, असं काहून केलं?”

“मॅडम, चार पॉइंट पाच म्हणजे चार ओव्हर अन् पाच बॉल. तसंच धरलं न मी.”

क्रिकेटच्या धावफलकावर तो बिंदू खरोखरच दोन स्वतंत्र संख्या वेगळ्या करतो. षटक सहा चेंडूंचे असल्यामुळे ४.५ नंतरचा चेंडू पडला की पाच षटके पूर्ण होतात. किलोचे मात्र दहा भाग होतात आणि ४.५ नंतर ४.६ येते. मुलाचा तर्क शाबूत होता. तो ज्या व्यवहारातून आला, तो व्यवहार वेगळा होता.

मॅडमनी पुढे तोंडी विचारले, “सव्वाचार किलो कापूस जास्त की साडेचार किलो?” क्षणाचाही विलंब न लावता तो म्हणाला, “साडेचार. सव्वाचारात पावच हाय वरचा.” मग त्यांनी पाटीवर ४.२५ आणि ४.५ लिहून तेच विचारले, तेव्हा त्याने ४.२५ वर बोट ठेवले. सव्वा, दीड, अडीच, पाऊण हे सगळे त्याला काट्याजवळ उभे राहून पाठ झाले होते, पण त्या शब्दांचे हे लेखी रूप आहे, हे त्याला कोणी जोडून दाखवले नव्हते. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात लेखी चाचणीबरोबर तोंडी काम हेही एक साधन आहे. त्या रकान्यात आपण सत्राच्या शेवटी अंदाजाने गुण भरत आलो, हे मॅडम स्वतःच सांगतात.

यानंतर त्यांनी जे केले ते अधिक मोलाचे वाटते, कारण ते नापास मुलापुरते राहिले नाही. लहानमोठेपणाच्या दोन जोड्या त्यांनी पुन्हा पाहिल्या: ७.८ आणि ७.३, ५.६२ आणि ५.४. पहिलीत बिंदूनंतर दोन्हीकडे एकेकच अंक आहे. दुसरीत ‘बासष्ट चारापेक्षा मोठे’ असे मानणाऱ्यालाही बरोबर उत्तर सापडते. या मुलाचे चार गुण नेमके याच दोन प्रश्नांचे होते. म्हणजे जे गुण मिळाले, तेही समजुतीचे नव्हते. मग उरलेल्या वर्गाचे काय?

मॅडमनी नव्या जोड्या काढल्या. ४.८ आणि ४.६३ या जोडीत जास्त अंक म्हणजे मोठी संख्या मानणारा फसतो, ४.४५ आणि ४.३ या जोडीत कमी अंक म्हणजे मोठी संख्या मानणारा फसतो. त्यामुळे दोन्ही प्रकार लागतात. पहिल्या चाचणीत सोळा गुण मिळवलेल्या एका मुलीने ४.६३ मोठे म्हणून लिहिले. ‘बिंदूखाली बिंदू’ मांडण्याची रीत तिला पक्की येत होती, म्हणून तिच्या बेरजा बरोबर आल्या होत्या आणि समजुतीतला दोष झाकला गेला होता.

मुलाने या खेपेस ४.८ च्या बाजूला ८०० ग्रॅम आणि ४.६३ च्या बाजूला ६३० ग्रॅम असे लिहून उत्तर बरोबर काढले. ०.०७ आणि ०.३ मध्ये मात्र त्याने ०.०७ मोठे ठरवले. काट्यावर सत्तर ग्रॅमचा हिशेब कोणी करत नाही. मॅडमनी आधीचे चार गुण खोडले नाहीत. ‘सराव आवश्यक’ हा शेरा तेवढा खोडला आणि तोंडी कामाच्या नोंदीत लिहिले: सव्वा, साडे, पाऊण लेखी रूपात ओळखतो, बिंदूनंतरच्या शून्याचे स्थान अजून कळलेले नाही.