थकलेल्या हप्त्याचे नव्वद दिवस

श्रोतेहो, नमस्कार. सोयाबीन निघायच्या आधी, श्रावण-भाद्रपदात हातात पैसा नसतो आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला कापायला येतो. असा हप्ता चुकला तर दिवस कसे मोजतात, ते आज पाहू.

समजा, औशाजवळच्या एकाने टेम्पोसाठी कर्ज घेतलंय. हप्ता ८,००० रुपये, तारीख ५. ऑगस्टला खात्यात पैसे नव्हते. हप्ता परत गेला की कर्ज देणारी संस्था बाउन्सचे पैसे लावते, आणि आपलं खातं असलेली बँकही वेगळे लावते. वर उशिराचं दंड शुल्क. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ पासून लागू झालेल्या नियमाने या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. उतारा काढला की तसं झालंय का ते कळतं.

दंड एक वेळ परवडला, दिवस परवडत नाहीत. मोजणी सगळ्यात जुन्या थकलेल्या हप्त्यापासून होते. आपला टेम्पोवाला सप्टेंबर आणि ऑक्टोबरही चुकला. ऑगस्टच्या ५ तारखेपासून नव्वद दिवस ३ नोव्हेंबरला भरतात. त्या रात्री बँक खातं एनपीए, म्हणजे बुडीत वर्गात टाकते.

ऑक्टोबरच्या शेवटी मोंढ्यात माल विकून हातात फक्त ८,००० आले, तर? तेच ताबडतोब भरावेत. ऑगस्टचा हप्ता फिटतो, मोजणी सप्टेंबरच्या ५ तारखेवर सरकते आणि महिनाभराची उसंत मिळते. मात्र काही ठिकाणी आलेला पैसा आधी दंडात वळवतात, मग हप्ता अपुराच राहतो. म्हणून शाखेत अर्ज देऊन 'ही रक्कम जुन्या हप्त्यात जमा करावी' असं लिहावं, पोच घ्यावी आणि दोन दिवसांनी उतारा पाहावा.

हेच ८,००० रुपये ४ नोव्हेंबरला भरले तर खातं बाहेर येत नाही. एकदा बुडीत वर्गात गेल्यावर थकबाकी सगळीच, व्याजासह भरावी लागते. त्याच बँकेतली तुमची इतर कर्जंही त्या वर्गात ओढली जातात. पीककर्जाची मोजणी मात्र वेगळी, ती हंगामावर चालते.

सिबिलच्या अहवालात प्रत्येक महिन्यासमोर किती दिवस उशीर झाला तो आकडा दिसतो. पुढे पैसे भरले तरी मागचा आकडा पुसला जात नाही. ३६ महिन्यांचा इतिहास दिसत राहतो. वर्षातून एकदा हा अहवाल फुकट मिळतो. भरलेला हप्ता थकलेलाच दिसत असेल तर पावती जोडून तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी.