मे महिन्यातली शिल्लक

नमस्कार श्रोतेहो. मी म्हापशात छोट्या धंद्यांचे हिशेब लिहितो. माझी बरीचशी गिऱ्हाइकं किनाऱ्यावरची, चार-आठ खोल्या भाड्याने देणारी. मोरजीच्या एका वहिनींनी मला एकदा विचारलं, "वर्षाला 24 लाख येतात, म्हणजे महिन्याला 2 लाख. खर्च पावणेदोन लाखांच्या आत. मग चवथीच्या तोंडावर बांगड्या गहाण का टाकाव्या लागतात?"

चूक त्या भागाकारात होती. महिन्याला 2 लाख हा आकडा त्यांच्या वहीत एकाही महिन्यात नव्हता.

आम्ही तीन वर्षांच्या वह्या काढल्या. टाळेबंदीची वर्षं बाजूला ठेवली. मग प्रत्येक वर्षाची विक्री 100 धरून कोणत्या महिन्याचा वाटा किती, ते काढलं आणि तिन्ही वर्षांची सरासरी घेतली. रुपयांची सरासरी घेतली नाही, कारण खोलीचं भाडं दरवर्षी वाढतं. वाटा मात्र फारसा हलत नाही. डिसेंबर 19, जानेवारी 16, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी प्रत्येकी 12. आणि जून ते सप्टेंबर हे चारही महिने मिळून फक्त 11.

वाटा काढताना दोन ठिकाणी पाय घसरतो. डिसेंबरच्या खोलीसाठी सप्टेंबरात आलेली आगाऊ रक्कम वहिनी सप्टेंबरच्याच कमाईत लिहायच्या. पैसे हातात आले हे खरं, पण पाहुणा अजून यायचा आहे, कदाचित रद्दही करेल. ती रक्कम वेगळ्या रकान्यात हवी. दुसरं म्हणजे आपले सण तारखेला बांधलेले नाहीत. 2023 मध्ये दिवाळी नोव्हेंबरात होती, 2025 मध्ये ऑक्टोबरात. कार्निव्हाल 2024 मध्ये फेब्रुवारीत झाला, 2025 मध्ये मार्चमध्ये. म्हणून एकटा ऑक्टोबर गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरशी ताडून कपाळाला हात लावू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्र बघावा, फेब्रुवारी-मार्च एकत्र.

आता खर्च. दोन कामगारांचे पगार, बँकेचा हप्ता, विजेचा ठरावीक आकार आणि वहिनी घरासाठी उचलतात ते पैसे, मिळून महिन्याला 1 लाख 20 हजार. खोल्या भरोत वा न भरोत. (घरची उचल खर्चात धरायला लोक लाजतात. का, कोण जाणे.) धुलाई, नाश्ता, बुकिंगवाल्यांचं कमिशन हा विक्रीबरोबर वाढणारा खर्च, रुपयामागे 25 पैसे. म्हणजे प्रत्येक रुपयातले 75 पैसे त्या ठरावीक खर्चाकडे जातात.

ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत विक्रीचा 89 टक्के भाग येतो. त्यातून दोन्ही खर्च वजा जाता मेअखेर 6 लाख 42 हजार उरतात. शॅक मोडले जातात, बोटी किनाऱ्याला लागतात आणि वहिनींना आपण श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. पण पुढच्या चार महिन्यांची विक्री 2 लाख 64 हजार, त्यातले हाती लागणार 1 लाख 98 हजार, आणि ठरावीक खर्च 4 लाख 80 हजार. तूट 2 लाख 82 हजारांची. वर चवथीचे 30 हजार आणि हंगामापूर्वीच्या रंगरंगोटीचे, गळक्या छपराचे 70 हजार. म्हणजे त्या शिल्लकेतले 3 लाख 82 हजार पावसाळ्याचेच आहेत. खरे मोकळे 2 लाख 60 हजार. वहिनी जूनमध्येच त्याहून जास्त खर्च करून बसायच्या आणि त्याचा चटका सप्टेंबरात बसायचा, कारण गंगाजळीचा तळ तिथे लागतो.

हा अंदाज एकदा मांडून ठेवायचा नसतो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा वाटा मिळून 20 टक्के. गेल्या हंगामात या दोन महिन्यांत 4 लाख 80 हजार यायला हवे होते, आले 4 लाख 32 हजार. त्याला 20 ने भागून 100 ने गुणलं की वर्षाचा नवा अंदाज 21 लाख 60 हजार. विक्री दहाच टक्क्यांनी घटली, पण ठरावीक खर्च जागचा हलत नाही, त्यामुळे मोकळे पैसे 2 लाख 60 हजारांवरून थेट 80 हजारांवर आले.

दोन महिन्यांवरून वर्ष सांगणं कच्चंच असतं, हे मी वहिनींना सांगितलं. एखादं मोठं लग्न आलं किंवा शेजारच्या बांधकामामुळे पाहुणे पळाले, तरी आकडा वाकडा होतो. म्हणून जानेवारीअखेर, वाटा 55 टक्क्यांवर पोचल्यावर, तोच भागाकार पुन्हा करायचा ठरलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या तीन नवे एसी घेणार होत्या. एकच घेतला, समुद्राकडच्या खोलीसाठी. बाकी दोन जानेवारीच्या हिशेबानंतर बघू, म्हणाल्या. नमस्कार.