सिलिंडरवरच्या दोन तारखा

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्या इमारतीत जिन्याजवळ लाल रंगाचा अग्निशामक सिलिंडर टांगलेला असेल. त्याच्या पोटावर एक स्टिकर असतो. 'भरल्याची तारीख' आणि 'पुढील भरण्याची तारीख' असे दोन रकाने त्यावर दिसतात. सोसायटीतल्या बहुतेकांची तपासणी या स्टिकरपाशीच संपते. पुढची तारीख उलटलेली नाही ना? मग झालं. आज मी बोलणार आहे ते ज्या वहीत या सिलिंडरांची नोंद ठेवायची त्या वहीबद्दल, आणि स्टिकरवर न दिसणाऱ्या एका तारखेबद्दल.

आधी कायद्याचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात 2006 सालचा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. इमारतीतली अग्निसुरक्षेची साधनं सदैव चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी तो मालकावर किंवा ताबेदारावर टाकतो. ती साधनं व्यवस्थित असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत घ्यायचं असतं. त्यालाच सगळे 'फॉर्म बी' म्हणतात. पण दोन फॉर्मांच्या मधले महिने इमारतीतच जातात, एजन्सीच्या कचेरीत नाही. त्या महिन्यांचा हिशेब वहीत लागतो.

आता उदाहरणच घेऊ. समजा, तळमजला अधिक सात मजल्यांची एक इमारत आहे. प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी सहा किलोचा एबीसी पावडरचा एक सिलिंडर आहे. मीटर रूममध्ये आणि वर लिफ्टच्या मशीन रूममध्ये साडेचार किलोचा कार्बन डायऑक्साइडचा एकेक आहे. चौथ्या मजल्यावरच्या सिलिंडरला आपण 'ए-4' म्हणू. तो जुलै 2019 मध्ये बनलेला आहे. सोसायटीचा एजन्सीशी वार्षिक करार आहे, त्यामुळे दर जानेवारीत माणूस येतो, सिलिंडर घेऊन जातो, भरून आणतो, नवा स्टिकर लावतो. जानेवारी 2025 मध्ये ए-4 भरून आला. स्टिकर सांगतो, पुढची तारीख जानेवारी 2026.

ऑगस्ट 2025 मध्ये कुणी पाहिलं तर सगळं ठीक दिसेल. काटा हिरव्या पट्ट्यात, स्टिकर चालू. तरीही या सिलिंडरची मुदत उलटलेली आहे, कारण त्याची दाबचाचणी जुलैमध्येच व्हायला हवी होती.

ही दाबचाचणी काय असते, ते सांगतो. पावडरच्या सिलिंडरमध्ये साधारण पंधरा बारचा दाब कायम भरलेला असतो. वर्षानुवर्षं तो दाब पत्र्याला आतून रेटत असतो. बाहेरून बूड गंजतं, विशेषतः जिथे सिलिंडर भिंतीवर न टांगता जमिनीवर ठेवलेला असतो. जिना धुताना पाणी त्याच्या तळाच्या कड्यात साचतं, आणि पावसाळ्यात ते वाळतच नाही. म्हणून ठरावीक काळाने सिलिंडर रिकामा करून, आत पाणी भरून, नेहमीच्या दाबाच्या दुपटीहून जास्त दाब देऊन पाहतात. पाणी यासाठी, की ते दबत नाही. पत्रा फाटलाच तर स्फोट होण्याऐवजी पाणी गळतं. पावडरच्या सिलिंडरसाठी ही चाचणी तीन वर्षांनी करतात, कार्बन डायऑक्साइडच्या जाड सिलिंडरसाठी पाच वर्षांनी. ए-4 बनला 2019 च्या जुलैत, पहिली चाचणी झाली 2022 च्या जुलैत, दुसरी यायची 2025 च्या जुलैत. ही तारीख कागदी स्टिकरवर बऱ्याचदा नसतेच. ती सिलिंडरच्या अंगावर रंगवलेली किंवा ठोकलेली असते, आणि वर नव्याने रंग दिला की तीही झाकली जाते.

चाचणी राहिली याचा दोष मी एजन्सीच्या माणसाला एकट्याला देणार नाही. जानेवारीत सिलिंडर रिकामाच होता. त्याच दिवशी दाबचाचणी करून घेतली असती, तर सहा महिने आधी का होईना, पण वेगळी खेप न करता काम झालं असतं. पण सिलिंडर सोपवताना सोसायटीच्या हातात ती तारीख सांगणारा कागद नव्हता. म्हणून वहीचा माझा पहिला नियम असा : सिलिंडर भरायला देताना, पुढच्या वेळी भरण्याआधी दाबचाचणीची तारीख येते का, ते पाहा. येत असेल, तर चाचणी आत्ताच करून घ्या.

त्यासाठी वहीत प्रत्येक सिलिंडरला स्वतःचं पान हवं. पानाच्या माथ्यावर न बदलणाऱ्या गोष्टी लिहा : आपण दिलेला क्रमांक, जागा, प्रकार, वजन, कंपनीने ठोकलेला अंगावरचा क्रमांक, आणि बनल्याचा महिना-वर्ष. त्याखाली दोन वेगवेगळ्या ओळी : भरण्याची मागची आणि पुढची तारीख, दाबचाचणीची मागची आणि पुढची तारीख. या दोन ओळी एकाच रकान्यात कोंबल्या, की एक तारीख दुसरीला गिळते.

अंगावरचा क्रमांक लिहायला सांगतो, त्याचं कारण ऐका. भरायला नेलेले सिलिंडर परत येतात तेव्हा ते तुमचेच असतील असं नाही. दहा सोसायट्यांचे लाल सिलिंडर एकाच टेम्पोत फिरत असतात. तुमचा 2019 चा गेला आणि त्याच्याच आकाराचा 2012 चा आला, तर नुसत्या नजरेला काही कळायचं नाही. ठोकलेला क्रमांक पानावर असेल, तर परत आलेला सिलिंडर उतरवून घेतानाच ताडून पाहता येतो. आणि सगळे सिलिंडर एकाच दिवशी नेऊ देऊ नका. अर्धे न्या, ते परत आले की उरलेले.

वहीच्या सुरुवातीला आणखी एक पान ठेवा. त्यावर बारा महिने, आणि ज्या महिन्यात ज्या सिलिंडरची मुदत येते त्यात त्याचा क्रमांक. एक तारखेला फक्त हे पान पाहायचं. म्हणजे पुढच्या दोन महिन्यांत काय येणार आहे ते आधीच कळतं, आणि एजन्सीला वेळेत फोन जातो.

आता महिन्याच्या तपासणीकडे येऊ. ती बहुधा सोसायटीचा सुपरवायझर किंवा वॉचमन करतो. माझा अनुभव असा, की वहीत 'ओके, ओके, ओके' असा एकच शब्द खालपर्यंत उतरतो आणि शेजारी एकाच पेनने एका दमात केलेल्या सह्या. पाहणाऱ्याला ओके म्हणजे काय पाहिलं ते कळत नाही. त्यापेक्षा चार गोष्टी लिहायला लावा. काटा हिरव्यात आहे का. पिन आणि तिचं प्लास्टिकचं सील जागेवर आहे का. नळी आणि तिचं तोंड मोकळं आहे का. बूड कोरडं आहे का.

नळीचं तोंड हे काही शोभेचं कलम नाही. आपल्याकडे कुंभारीण माशी अशा भोकात मातीचं घर करते. सिलिंडर वर्षभर कुणी हलवलेला नसतो, त्यामुळे तिला जागा आवडते. आत डोकावून टॉर्च मारली तरच दिसतं.

काट्याबद्दलही एक सांगायला हवं. काटा फक्त दाब सांगतो, पावडरची अवस्था सांगत नाही. पावडर तळाशी दडपून घट्ट बसली, तर काटा हिरव्यात असूनही खटका दाबल्यावर नुसती हवा निघेल. म्हणून अधूनमधून सिलिंडर उतरवून उलटा करावा. पावडर सरकल्याचं हाताला जाणवतं. आणि कुणी गंमत म्हणून खटका सेकंदभरच दाबला असेल, तरी तो 'थोडा वापरलेला' धरू नका. पावडरचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात आणि उरलेला दाब हळूहळू निघून जातो. आज काटा हिरव्यात असेल, चार दिवसांनी तो खाली आलेला असेल. त्या दिवशी वहीत 'वापरला' असं लिहून तो भरायलाच पाठवावा.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो. त्याला तोलावं लागतं. मीटर रूममधला सिलिंडर पाहा. त्याच्या अंगावर रिकाम्याचं वजन ठोकलेलं आहे, समजा 10.2 किलो. आत वायू साडेचार किलो, म्हणजे भरलेला 14.7 किलो. तोलल्यावर 14.1 भरला, तर 600 ग्रॅम वायू गेलेला आहे. साडेचार किलोचा दहावा भाग होतो 450 ग्रॅम. त्याहून जास्त घट दिसली, की सिलिंडर परत भरायचा. मात्र ठोकलेलं वजन तोंडाशी लावलेल्या काळ्या कर्ण्यासकट आहे की त्याशिवाय, ते पाहून तोलावं. नाहीतर कर्ण्याचंच वजन वायूच्या हिशेबात धरलं जातं. आणि रद्दीवाल्याचा काटा कृपा करून या कामाला आणू नका.

आता सही. पानावर तीन सह्या लागतात, आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा. पहिली सही 'मी स्वतः जाऊन पाहिलं' असं सांगणारी, आणि ती त्या सिलिंडरच्या ओळीतच हवी. सगळ्या ओळींना मिळून एक महिरपी कंस आणि शेवटी एक सही, हे चालणार नाही. दुसरी सही समिती सदस्याची. त्याने दर महिन्याला सगळे सिलिंडर पाहावेत अशी माझी अपेक्षा नाही. कोणतेही दोन निवडावेत, जिना चढून जावं आणि वहीतलं लिहिणं तिथे जुळतं का ते पाहून मग सही करावी. तिसरी सही एजन्सीच्या माणसाची, पण फक्त भरलं किंवा चाचणी केली त्याच दिवशी, परवाना क्रमांकासह.

दोष सापडला तर त्याची ओळ उघडी राहू द्या. 'ए-6, सील तुटलेलं' ही नोंद 'एजन्सीला कळवलं' एवढ्यावर बंद होत नाही. नवं सील बसलं, ते सदस्याने पाहिलं, तारीख घातली, की मग बंद. ज्याने दोष लिहिला, त्यानेच तो मिटल्याची सही करू नये. सिलिंडर भरायला गेला असेल, तर त्या महिन्याच्या घरात 'भरायला गेला' आणि तारीख लिहा. भिंतीवर नुसती खुंटी आणि वहीत ओके, असं मी पाहिलेलं आहे. लिहिताना चूक झाली, तर एक रेघ मारून बाजूला सही करा, व्हाइटनर लावू नका.

ही वही सेक्रेटरींच्या घरच्या कपाटात नको. वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा, आणि महिना संपला की मुदतीच्या पानाचा फोटो समितीच्या मोबाइलवर जाऊ द्या. पाणी मारायच्या होज रीलसाठी आणि पंपासाठी मागे वेगळी पानं ठेवा. त्यांची तपासणी वेगळी असते. तिथे व्हॉल्व्ह उघडून, पंप चालवून पाहावं लागतं.

आणि वही भरली, नवी घ्यायची वेळ आली, की जुन्या वहीवरून तारखा उतरवू नका. जुन्या वहीतली चूक तशीच नव्या वहीत जाते. हातात टॉर्च आणि एक ओलं फडकं घ्या, प्रत्येक सिलिंडर पुसा, अंगावर ठोकलेला क्रमांक आणि दाबचाचणीची तारीख वाचून लिहा. तारीख रंगाखाली गेली असेल आणि वाचता येत नसेल, तर त्या घरात अंदाजाने काही भरू नका. तो सिलिंडर एजन्सीकडे पाठवून चाचणी करून घ्या, आणि तिथून आलेली तारीखच पहिली नोंद म्हणून लिहा.

नमस्कार.