नाव विचारलं नव्हतं, तरी ती मुलगी ओळखू आली

नमस्कार. मी सोलापुरात बीबीएच्या मुलांना मार्केटिंगच्या प्रोजेक्टसाठी मार्गदर्शन करते. आज एका सर्व्हेबद्दल बोलायचंय. त्या प्रोजेक्टवर मार्गदर्शक म्हणून माझीच सही होती.

विषय साधा होता. शेंगा चटणीची पाच रुपयांची पुडी शाळेच्या डब्यासाठी चालेल का? माझ्या विद्यार्थिनीनं पूर्व भागातल्या एका क्लासमध्ये आठवी-नववीच्या ४२ मुलांकडून गूगल फॉर्म भरून घेतला. क्लासचे सर 'हो' म्हणाले होते. फॉर्मवर लिहिलं होतं, 'नाव लिहायची गरज नाही, माहिती गोपनीय राहील.' मी ते वाचलं आणि सही केली.

प्रेझेंटेशनच्या दिवशी तिनं 'निवडक उत्तरं' म्हणून एक ओळ पडद्यावर दाखवली. मुलगी, वय १४, घरी तेलुगू, वडील लग्नाच्या बँडमध्ये. डबा का आणत नाही? 'आई सकाळीच विड्या घेऊन कारखान्यात जाते.' मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, 'अगं, ही आमच्या गल्लीतली.' असं म्हणणाऱ्या मुलीचा धाकटा भाऊ त्याच क्लासला जायचा.

नाव कुठेच नव्हतं. पण चार साध्या गोष्टी एकत्र आल्या की त्या गोष्टीच नावाचं काम करतात. तुमच्या शीटमध्ये हे होतंय का, ते तपासता येतं. समजा बी ते ई या रकान्यांत मुलगा-मुलगी, वय, घरची भाषा आणि वडिलांचं काम आहे. शेजारच्या रिकाम्या रकान्यात, दुसऱ्या ओळीत, हे टाका आणि खालपर्यंत ओढा.

[स्क्रीनवर शीट]

```
=COUNTIFS(B:B,B2,C:C,C2,D:D,D2,E:E,E2)
```

जिथे १ येईल, तो मुलगा किंवा ती मुलगी त्या शीटमध्ये एकटीच आहे. आमच्या ४२ ओळींत १९ ठिकाणी १ आला. मग वडिलांच्या कामाचा रकाना काढला. पुडीच्या किमतीशी त्याचा संबंधच नव्हता, 'प्रोफाइल' म्हणून सगळे विचारतात म्हणून विचारलेला. वयाऐवजी 'आठवी-नववी' एवढंच ठेवलं. कन्नड बोलणारे दोघंच होते, उर्दू बोलणारे चार, त्यांना 'इतर' मध्ये घेतलं. मुलगा-मुलगी हा रकानाही काढला. आता सगळ्यात छोटा गट पाचच्या वर गेला. पाच हा आकडा कायद्यातला नाही, पण एवढ्या लहान सर्व्हेत मी त्याच्या खाली जाऊ देत नाही. मोकळी उत्तरं मात्र या सूत्रात सापडत नाहीत. ती एकेक वाचूनच बघावी लागतात, आणि जशीच्या तशी दाखवायची नाहीत.

अजून एक गोष्ट नंतर लक्षात आली. फॉर्म एकाच टॅबवर, बाकांच्या क्रमानं भरून घेतला होता. शीटमध्ये उत्तराची वेळ आपोआप येते. म्हणजे सातवं उत्तर सातव्या मुलाचं, हे त्या वर्गात बसलेला कुणीही सांगेल. म्हणून वेळेचा रकाना काढायचा आणि ओळींचा क्रम मोडायचा.

आता संमती. सरांनी दिली ती वर्गात शिरायची परवानगी. मुलांच्या माहितीसाठी ती संमती होत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे. तिची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांना लक्ष्य करून जाहिरात करायला तो मनाई करतो. चटणीवाल्यानं आमच्याकडे मुलांच्या घरचे फोन नंबर मागितले, 'ऑफर पाठवतो' म्हणून. आम्ही दिले नाहीत. अभ्यासासाठी म्हणून घेतलेली माहिती विक्रीला द्यायची नसते.

पालकांची चिठ्ठी अर्ध्या पानाची पुरते. कोण विचारतंय, कशासाठी, कोणते प्रश्न, कोण बघणार, कधी पुसणार, अडचण आली तर फोन कुणाला. पूर्व भागात ती तेलुगूतही हवी, आणि वाचता येत नसेल तर वाचून दाखवायची. सही झालेल्या चिठ्ठ्यांवर नावं असतात, म्हणून त्या उत्तरांपासून वेगळ्या, कॉलेजच्या कपाटात ठेवायच्या.

आणि सही आली तरी मुलाचा स्वतःचा होकार लागतोच. सर समोर उभे असताना चौदा वर्षांचं पोर 'नको' म्हणणार नाही. सरांना बाहेर थांबायला सांगा. कोरा फॉर्म दिला तरी चालेल, हे मोठ्यानं सांगा. आणि हेही सांगा, की सबमिट केल्यावर तुझं उत्तर आम्हाला शोधून काढता येणार नाही, त्यामुळे नंतर मागे घेता येणार नाही.

त्या मुलीची ओळ आम्ही त्याच दिवशी स्लाइडवरून आणि शीटमधून पुसली. यंदा दुसऱ्या गटानं तोच विषय घेतला. मी त्यांना विचारलं, पुडी विकत कोण घेणार? आई. मग ते किराणा दुकानांबाहेर आयांशी बोलले. एकाही मुलाला प्रश्न विचारायची गरज पडली नाही.