स्पर्धक वाढले की किंमत किती उतरते?

श्रोतेहो, नमस्कार.

बाजारात विक्रेते वाढले की किंमत उतरते, हे आपण सगळेच म्हणतो. पण किती विक्रेते आल्यावर किती उतरते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. फ्रेंच गणिती ओगुस्तँ कुर्नो यांनी 1838 मध्ये तो विचारला आणि त्याचे उत्तरही दिले. त्यांच्या मांडणीत प्रत्येक उत्पादक किंमत नव्हे, तर किती माल बाजारात आणायचा एवढेच ठरवतो. इतरांचा माल जेवढा आहे तेवढाच राहील असे तो धरून चालतो, आणि किंमत सगळ्यांच्या एकूण मालावरून ठरते.

आपण एक सोपे उदाहरण घेऊ. समजा, 120 मधून एकूण माल वजा केला की किंमत मिळते आणि प्रत्येक नग तयार करायला 20 खर्च येतो. एकच उत्पादक असेल, तर तो 50 नग विकतो, किंमत 70 राहते आणि प्रत्येक नगामागे त्याला 50 सुटतात. ही झाली मक्तेदारी. आता दोन उत्पादकांनी हेच 50 नग निम्मे-निम्मे वाटून घेतले, असे समजा. त्यांच्यापैकी एकाने 25 ऐवजी 26 नग आणले, तर किंमत 69 होते; नव्या नगावर त्याला 49 मिळतात आणि आधीच्या 25 नगांवर प्रत्येकी 1 प्रमाणे 25 जातात. म्हणजे त्याला निव्वळ 24 चा लाभ होतो. किंमत उतरल्यामुळे दुसऱ्याचेही 25 बुडाले, पण ते पहिल्याच्या हिशेबात कुठेच येत नाहीत. या सगळ्या मांडणीचे मर्म मला इथेच दिसते: माल वाढवण्याचा फायदा एकट्याचा असतो आणि किंमत उतरल्याचा तोटा सगळ्यांत वाटला जातो. उत्पादक जितके जास्त, तितका त्या तोट्यातला स्वतःचा वाटा लहान, आणि तितका प्रत्येकाचा हात सैल.

मग हे थांबते कुठे? चार उत्पादक असतील, तर प्रत्येक जण 20 नगांवर थांबतो. एकूण 80 नग होतात, किंमत 40 होते आणि प्रत्येकाचा नफा 400. त्यांतला एक जण 21 वर गेला, तर नगामागे 19 सुटून त्याचा नफा 399 होतो. 19 वर आला, तरीही 399 च होतो. कोणालाही जागचे हलावेसे वाटत नाही, म्हणून हा समतोल. नऊ उत्पादक असतील तर किंमत 30, एकोणीस असतील तर 25 आणि नव्याण्णव असतील तर 21 वर येते. यामागचा नियम सोपा आहे: 120 आणि 20 यांतला फरक, म्हणजे 100, याला उत्पादकांच्या संख्येपेक्षा एकाने मोठ्या आकड्याने भागले की खर्चावरची वाढ मिळते. पूर्ण स्पर्धेची किंमत 20. तिच्याजवळ आपण सतत सरकतो, पण उत्पादकांची संख्या मोजकी असेपर्यंत तिथे पोहोचत नाही. बहुतेक घसरण पहिल्या काही उत्पादकांतच होऊन जाते, हेही ध्यानात घ्यावे.

इथे एक बारकावा अनेकदा निसटतो. उत्पादकांची संख्या आणि मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत एक टक्का बदलली की मागणी किती टक्के बदलते ते, यांच्या गुणाकाराने एकाला भागले की किमतीतला नफ्याचा हिस्सा मिळतो. त्यावरून चार उत्पादक झाले की हा हिस्सा चौथाई होईल असे वाटते, पण आपल्या उदाहरणात तो सुमारे 71 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवरच येतो. किंमत उतरत जाते तसतशी या मागणीची लवचिकताही घटते, आणि घटलेली लवचिकता हिस्सा पुन्हा वर ओढते. तेव्हा नुसती उत्पादकांची संख्या मोजून हा हिस्सा सांगता येत नाही.

शिवाय स्पर्धक हवे तितके येतीलच असेही नाही. कारखाना उभारायचा स्थिर खर्च प्रत्येकाला 100 असेल, तर नऊ जणांपर्यंत गणित जेमतेम जुळते, कारण प्रत्येकाच्या 10 नगांवर 10 प्रमाणे नेमके 100 सुटतात. दहावा आला, तर प्रत्येकाच्या हाती सुमारे 83 च उरतात. म्हणून दहावा येत नाही आणि किंमत 30 वरच राहते. ही 10 ची वाढ पाहून कोणी लूट म्हणेल, पण तिच्यातून फक्त उभारणीचा खर्च वसूल होत असतो.

याउलट, उत्पादक दोनाचे चार झाले, खर्च आणि मागणी होती तशीच आहे आणि तरीही किंमत 70 वरच ठाण मांडून बसली आहे, असे दिसले तर मात्र शंका घ्यायला जागा आहे. स्पर्धा खरी असती, तर ती 40 कडे उतरली असती. अशा वेळी आधी पाहावे ते प्रत्येकाच्या मालाचे आकडे: चौघांची मिळून बेरीज 80 कडे न जाता 50 च्याच आसपास रेंगाळत असेल, तर चौघेही एकमेकांचे नुकसान आपल्याच हिशेबात धरू लागले आहेत, आणि कागदावर चार असलेले उत्पादक बाजारात एकासारखे वागत आहेत.