रुद्राक्षाच्या वेजापाशी काय दिसतं

श्रोतेहो, नमस्कार.

रुद्राक्ष विकत घेताना हल्ली बहुतेकांच्या हाती आधी मणी येत नाही, मण्याचा फोटो येतो. त्या फोटोत नेमकं कुठे पाहायचं, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. रुद्राक्ष ही फळाची आठळी आहे. आंब्याची कोय किंवा बोराची आठळी असते तशीच. वरचा गर कुजवून काढला की आत खडबडीत, टणक आठळी राहते. तिच्या आत कप्पे असतात, आणि कप्प्यांमध्ये बिया. बाहेर ज्या उभ्या रेषा दिसतात, ज्यांना आपण मुखं म्हणतो, त्या या कप्प्यांशी जुळलेल्या असतात. पाच कप्पे असले की पाच मुखं. म्हणजे मुखाची रेषा हे वरवरचं नक्षीकाम नाही, आतल्या रचनेचीच खूण आहे. खऱ्या-खोट्याची सगळी परीक्षा या एका गोष्टीवर उभी आहे.

पाण्यात बुडतो तो खरा, हे मात्र विसरा. जड रेझिनचा मणी सरळ तळाशी जातो आणि कोरडा पडलेला खरा दाणा कधी कधी तरंगतो.

आता फोटो. विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: वेजाच्या, म्हणजे दोरा ओवायच्या भोकाच्या, एका टोकाकडून, दुसऱ्या टोकाकडून आणि बाजूने. समोरून पडलेल्या फ्लॅशमध्ये सगळे उंचवटे सपाट दिसतात. म्हणून प्रकाश एका बाजूने, तिरपा हवा. मण्याला तेल लावलेलं नको, कारण तेलाच्या चकाकीत रेषेचा तळ दिसत नाही. फोन मण्याला अगदी चिकटवला तर फोटो पुसट येतो. साधारण वीतभर अंतरावरून दुप्पट झूम करून काढलेला फोटो बरा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. नाहीतर फोटो आकसतो आणि नेमके बारकावेच जातात.

समजा, २२ मिलीमीटरचा नेपाळी दाणा आहे आणि विक्रेता तो अकरामुखी म्हणून सांगतो आहे. वेजाकडून काढलेला फोटो उघडा. वेजाच्या कडेवर घड्याळाच्या बाराच्या जागी बोट ठेवा आणि गोल फिरत एकेक रेषा मोजा. खरी रेषा वेजाच्या ओठापर्यंत येते आणि तिथून आत उतरताना दिसते. फोटोत पाचच रेषा अशा ओठावरून आत गेलेल्या दिसल्या आणि उरलेल्या सहा ओठाच्या थोड्या अलीकडेच विरल्या, तर त्या सहा रेषा पाचमुखी दाण्यावर कानशीने किंवा बारीक चकतीने कोरलेल्या असण्याची दाट शंका घ्यावी. मग दुसऱ्या टोकाचा फोटो घ्या आणि तशाच मोजा. दोन्ही टोकांचा आकडा जुळायला हवा.

आता बाजूचा फोटो. हाच दाणा, पण आता रेषेच्या दोन्ही काठांकडे पाहा. खऱ्या रेषेच्या दोन्ही बाजूंचे काटे, म्हणजे ते उंचवटे, रेषेजवळ येताना आपसूक लहान होतात आणि तिथे थांबतात. जणू रेषा आधी होती आणि काटे नंतर तिला जागा देऊन वाढले. कोरलेली रेषा काट्यांमधून आरपार जाते. एकाच काट्याचा अर्धा भाग इकडे, अर्धा तिकडे, आणि मधला कापलेला भाग सपाट व फिकट. त्या फिकटपणावर रंग चोपडलेला असला तर रेषेचा तळ बाकीच्या मण्यापेक्षा एकसारखा गडद दिसतो. हा पुरावा रेषांच्या संख्येपेक्षा भक्कम आहे, कारण रेषा ओठापर्यंत नेणारा कारागीरही असतो, पण काटे परत वाढवणारा कोणी नाही.

याच्या उलटही करतात. मुखं कमी दाखवायची असली की रेषांमध्ये डिंक आणि लाकडाचा भुसा भरतात. गोल एकमुखीच्या फोटोत तर हीच गोष्ट आधी शोधावी. तिरप्या प्रकाशात ती जागा गुळगुळीत पट्टी म्हणून उठून दिसते. तिथे काटे नसतात, आणि चमकही बाकीच्या मण्यापेक्षा वेगळी असते.

साच्यातला मणी मात्र वेगळ्या प्रकारे पकडावा लागतो, कारण त्याच्यावर रेषा अगदी नीट उमटलेल्या असतात. खऱ्या दाण्यावरून साचा घेतला की रेषाही खऱ्यासारख्या येतात. म्हणून एकट्या मण्याचा फोटो पुरत नाही, १०८ मण्यांची माळ असेल तर माळेचाच मोठा फोटो मागा. एका मण्यावरची एखादी वेगळी खूण निवडा, जसा तुटका काटा किंवा वाकडा खळगा, आणि तीच खूण इतर मण्यांवर शोधा. साच्यात मोजकेच खड्डे असतात, म्हणून माळेत तोच चेहरा पुन्हा पुन्हा येतो. झाडावरच्या दोन आठळ्या इतक्या सारख्या येत नाहीत. सोबत मण्याच्या पोटावरून फिरणारी एक बारीक, सरळ रेघ दिसते का पाहा. साच्याचे दोन भाग जिथे मिटतात तिथे ती राहते आणि काट्यांवरूनही सरळ जाते. घासून काढलेली असली तर त्या पट्ट्यातले काटे बोथट दिसतात. बारीक बुडबुड्यांचे खळगे दिसले तर शंकाच उरत नाही.

वेज मात्र साच्यातल्या मण्याचंही गुपित उघडं करतो. खऱ्या दाण्याला गिरमिटाने भोक पाडलं की ओठ किंचित कुरतडलेला असतो, आत तंतुमय, रखरखीत भिंत दिसते. दोन्ही टोकांकडून भोक पाडलेलं असेल तर मध्ये दोन मार्ग किंचित चुकलेले दिसतात. भोक वाकडं गेलं तर बाजूचा कप्पा फुटून काळपट पोकळी दिसते, आणि तिला मी तरी दोष मानणार नाही, ती खऱ्या दाण्याची चांगली साक्ष आहे. साच्यातल्या भोकाची भिंत नळीसारखी गुळगुळीत, आणि ओठाभोवती मालाचा पातळ पापुद्रा. साच्यातून काढल्यावर गिरमिट चालवलेलं असेल तर कडेला प्लॅस्टिकचे दोऱ्यासारखे तुकडे चिकटलेले असतात.

रंगवलेल्या मण्याबद्दल एक सांगायला हवं: रंगवलेला म्हणजे खोटा नव्हे. दाणा खरा असतो, फक्त जुना आणि गडद दिसावा म्हणून काताच्या किंवा रसायनाच्या पाण्यात बुडवलेला असतो. तो वेजाच्या ओठावर ओळखता येतो. भोक रंगानंतर पाडलेलं असेल तर वर कागदासारखा पातळ गडद थर आणि आत एकदम फिकट, मध्ये तीक्ष्ण सीमा. वापराने गडद झालेल्या दाण्यात हा बदल हळूहळू होतो, आणि दोऱ्याने ओठही गुळगुळीत झालेला असतो. भोकानंतर रंगवलेल्या मण्यात मात्र भिंतही गडद असते. तिथे मग दोरा पाहा, वेजाजवळ तो तपकिरी झालेला असला तर रंग सुटतो आहे.

फोटोची मर्यादाही इथेच येते. आतले कप्पे फोटोत दिसत नाहीत. महाग, जास्त मुखांचा दाणा असेल तर एक्स-रे काढायला सांगा आणि त्यातले कप्पे वेजाकडच्या रेषांशी जुळवून पाहा. काही कप्प्यांत बी वाढलेली नसते, म्हणून फक्त बियांचा आकडा धरू नका. आणि माळ घेतली असेल तर तिच्यातला एखादा जास्तीचा मणी वेजाला आडवा, मधोमध करवतीने कापून पाहा. खऱ्या आठळीत भोकाभोवती कप्पे चकतीसारखे गोल मांडलेले दिसतात. साच्यातला मणी आतून सलग भरीव निघतो.